पडल्यानंतरचे एक मिनिट : गळ्यातल्या बटणापासून मनगटावरच्या घड्याळापर्यंत

१/
इ.स. १९८१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये वाइल्ड, नायक आणि आयझॅक्स या तिघांचा एक लेख प्रसिद्ध झाला. वृद्ध माणसे घरात पडतात, तेव्हा ते पडणे कितपत धोक्याचे असते, एवढाच त्याचा विषय. त्यातले एक निरीक्षण मात्र पुढची चाळीस वर्षे उद्धृत होत राहिले. पडल्यावर तासाभराहून अधिक काळ जमिनीवर राहिलेल्यांपैकी निम्मी माणसे पुढच्या सहा महिन्यांत दगावली होती. पडताना मोठी इजा झाली नसली, तरीही.

२/
याचे कारण हाडात नाही, वेळेत आहे. कठीण फरशीवर एकाच कुशीवर पडून राहिले की शरीराच्या भाराने दबलेले स्नायू मरू लागतात आणि त्यातून निघणारी द्रव्ये मूत्रपिंडावर ताण आणतात. त्वचेला जखमा होतात, शरीर गार पडते, पाणी मिळत नाही, छातीत कफ साठतो. अर्थात, ज्याला तासभर उठता येत नाही तो मुळातच अशक्त असतो, आणि आकड्यात त्या अशक्तपणाचाही वाटा आहे. तरी अभियंत्यांपुढे प्रश्न स्पष्ट उभा राहिला : माणूस पडला हे कोणाला, आणि किती लवकर, कळणार?

३/
या प्रश्नाची पहिली उत्तरे त्या लेखापूर्वीच तयार होती. १९७०च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत विल्हेल्म होरमान यांनी घरगुती आपत्कालीन हाकेची यंत्रणा विकसित केली. अमेरिकेत बोस्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू डिबनर यांनी १९७४ मध्ये पत्नी सुझन यांच्यासह ‘लाइफलाइन’ ही संस्था काढली. कल्पना साधी होती. गळ्यात एक बटण, घरातल्या टेलिफोनला जोडलेली एक पेटी, आणि तिकडच्या टोकाला उत्तर देणारे माणूस.

४/
डिबनर यांच्या आरंभीच्या यंत्रात बटणाखेरीज एक कालमापकही होता, आणि इतिहासाच्या दृष्टीने तोच अधिक लक्षवेधी आहे. घरातील व्यक्तीने फोन वापरला की तो पुन्हा शून्यावर येई. बराच काळ फोन वापरला गेला नाही, तर यंत्र स्वतःहून विचारणा सुरू करी. म्हणजे माणसाच्या हाकेइतकेच त्याचे मौनही सूचना मानले गेले होते. ही कल्पना पुढे अर्धशतकाने मनगटावर परतणार होती.

५/
१९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘लाइफकॉल’ नावाच्या अशाच सेवेची जाहिरात अमेरिकेत गाजली. तीत एक आजीबाई जमिनीवरून सांगतात की आपण पडलो आहोत आणि उठता येत नाही. जाहिरात गाजली ती विनोदाचा विषय म्हणून. वृद्ध माणसांनी मात्र त्या हसण्यातून एक गोष्ट उचलली : ते बटण गळ्यात घालणे म्हणजे आपण लाचार झाल्याची पाटी लावणे.

६/
त्याचा परिणाम २००८ मध्ये कागदावर आला. केंब्रिज येथील फ्लेमिंग आणि ब्रेन या संशोधिकांनी नव्वदी ओलांडलेल्या ११० जणांचा वर्षभर मागोवा घेतला. त्यांपैकी ६६ जण वर्षभरात पडले. या ६६ पैकी ५३ जणांना निदान एकदा तरी स्वतः उठता आले नाही आणि २० जण तासभर किंवा त्याहून अधिक काळ जमिनीवर राहिले. हाकेची बटणे अनेकांकडे होती. पण ज्या प्रसंगांत माणूस दीर्घकाळ पडून राहिले, त्यांतल्या बहुतेक प्रसंगी ते बटण दाबलेच गेले नाही.

७/
बटण खाटेच्या दांडीला लटकलेले असे, हाताला येत नसे, दाबायचे सुचत नसे, किंवा ‘उगाच कशाला लोकांना त्रास’ म्हणून दाबले जात नसे. शुद्ध हरपली असेल तर प्रश्नच मिटला. तेव्हा यंत्रानेच पडणे ओळखावे, अशी मागणी येणे स्वाभाविक होते. त्यासाठी लागणारा सुटा भाग एव्हाना तयार झाला होता. तो बनला होता मोटारीसाठी.

८/
मोटारीची धडक बसताच हवेची पिशवी फुगवायची, तर धडक झाली हे क्षणार्धात कळावे लागते. १९९०च्या दशकाच्या आरंभी ‘ॲनालॉग डिव्हायसेस’ने त्यासाठी एडीएक्सएल-५० ही चीप आणली. तिच्या आत सिलिकॉनचा एक सूक्ष्म ठोकळा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. धक्का बसला की तो किंचित सरकतो, आणि त्या सरकण्याने बदलणारी विद्युत्धारिता मोजून त्वरण काढले जाते. ५० जीपर्यंतचे धक्के ती मोजू शके. येथे १ जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाएवढे त्वरण.

९/
या त्वरणमापकाला माणसाचे पडणे कसे ‘दिसते’, हे नीट समजून घेतले की पुढचे सारे नाट्य उलगडते. स्थिर उभ्या माणसाच्या अंगावर तो १ जी दाखवतो. तोल जाऊन शरीर खाली येऊ लागले की आकडा घटतो. पूर्ण मुक्तपतन असते तर तो शून्यावर गेला असता, परंतु माणूस दगडासारखा पडत नाही, गुडघे वाकतात, हात कशाला तरी धरू पाहतो. मग जमिनीशी आघात होतो आणि आकडा एकदम उसळतो. त्यानंतर शरीर आडवे, दिशा बदललेली, आणि आकडा पुन्हा १ जीजवळ. एक मीटर उंचीवरून मुक्तपणे खाली यायला जेमतेम ०.४५ सेकंद लागतात. दरी, शिखर आणि सपाटी अशी ही आकृती एवढ्या वेळात काढली जाते.

१०/
लिमरिक विद्यापीठातील बर्क, ओब्रायन आणि लायन्स यांनी २००७ मध्ये या शिखराचीच परीक्षा घेतली. धडधाकट तरुणांना गाद्यांवर पाडले, एकूण २४० वेळा. वृद्धांना पाडणे अमानुष ठरले असते, म्हणून त्यांच्या घरी जाऊन त्यांचे नित्याचे व्यवहार तेवढे नोंदवले : खुर्चीत बसणे, उठणे, खाटेवर आडवे होणे, चालणे. धडावर बसवलेल्या संवेदकाने ३.५२ जीची मर्यादा ओलांडली की ‘पडला’ असे मानले, तर सर्व पडणी पकडली जात होती आणि नित्याचा एकही व्यवहार चुकून पडणे ठरत नव्हता. शंभर टक्के! प्रश्न सुटला असे कोणालाही वाटावे.

११/
तो सुटलेला नव्हता. २०१२ मध्ये बगाला आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध झालेल्या १३ पद्धती घेतल्या आणि त्यांना खऱ्याखुऱ्या २९ पडण्यांच्या नोंदी दिल्या. ही पडणी गादीवरची नव्हती, आजारी व वृद्ध माणसे प्रत्यक्ष पडली तेव्हाची होती. सरासरीने फक्त ५७ टक्के पडणी ओळखली गेली. आणि तीन व्यक्तींच्या दिवसभराच्या नोंदी चालवून पाहिल्या, तेव्हा खोट्या गजरांची संख्या पद्धतीगणिक दिवसाला ३ पासून ८५ पर्यंत निघाली.

१२/
दिवसाला तीन हा आकडा लहान वाटेल. गणित करून पाहू. पासष्टी ओलांडलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा वर्षातून एकदा तरी पडतो, असे सामान्यतः धरले जाते. समजा एखादी व्यक्ती वर्षातून एकदाच पडते आणि यंत्र ते पडणे अचूक पकडते. दिवसाला तीन खोटे गजर म्हणजे वर्षाला १,०९५. सोळा जागेपणीच्या तासांत एकदा चुकण्याइतके यंत्र सुधारले, तरी ३६५ खोट्यांमागे एक खरा. आठवड्यातून एकदाच चुकले, तरी ५२ मागे एक. दहाव्या खोट्या गजराला मुलगा फोन उचलायचे सोडतो, विसाव्याला आजी घड्याळ कपाटात ठेवतात. यंत्राची संवेदनशीलता मग कितीही असो, कपाटातले घड्याळ काही ओळखत नाही.

१३/
पडणे मुळात दुर्मीळ आहे, आणि पडण्यासारखे दिसणारे व्यवहार अगणित. खरी अडचण येथे आहे. त्यातच खरी पडणी प्रयोगशाळेसारखी नसतात. रॉबिनोविच आणि सहकाऱ्यांनी कॅनडातील दोन वृद्धनिवासांत कॅमेऱ्यांनी टिपलेली २२७ पडणी पाहिली. ‘लॅन्सेट’मध्ये २०१३ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात निव्वळ घसरून पडणे अवघे ३ टक्के होते. अडखळणे २१ टक्के. सर्वांत मोठे कारण, ४१ टक्के, होते शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नीट न टाकला जाणे. म्हणजे वळताना, उठताना, हात लांबवताना झालेले हळूहळू ढासळणे. अशा पडण्यात शिखर ठेंगणे असते आणि ३.५२ जीची मर्यादा ते गाठेलच असे नाही.

१४/
आता त्यात मनगटाची भर घाला. धड दिवसभर तुलनेने संथ असते. मनगट मात्र टाळ्या वाजवते, दार आपटते, नारळ फोडते, धुण्याचे पिळे झटकते, गप्पांच्या भरात टेबलावर थाप मारते. त्या थापेचे शिखर पडण्याच्या शिखराइतके सहज भरते. पडणे ओळखण्यासाठी शरीरावरची सर्वांत वाईट जागा कोणती, असे विचारले असते तर अभ्यासकांनी मनगटाकडेच बोट दाखवले असते.

१५/
तरीही २००३ मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेतील देगेन आणि सहकाऱ्यांनी ‘स्पीडी’ नावाचे घड्याळ बनवले. कारण तांत्रिक नव्हते, मानवी होते. घड्याळ घातल्याने कोणी लाचार दिसत नाही. पुढच्या बाजूला पडणे त्या घड्याळाने चांगले ओळखले. मागे आणि कुशीवर पडणे मात्र सुमारे निम्मेच पकडले गेले, आणि एकूण हिशोब पासष्ट टक्क्यांच्या आसपास थांबला. जागा योग्य पण अचूकता अपुरी, अशा अवस्थेत मनगट पंधरा वर्षे राहिले.

१६/
१२ सप्टेंबर २०१८ रोजी ॲपलने ‘वॉच सिरीज ४’ जाहीर केले. त्यात ३२ जीपर्यंत मोजणारा त्वरणमापक आणि मनगटाचे वळणे टिपणारा अधिक क्षमतेचा जायरोस्कोप होता. पण त्या दिवशी कंपनीचे अधिकारी जेफ विल्यम्स यांनी सांगितलेली महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. अडखळलेला माणूस पुढे झुकतो आणि हात पुढे टाकून सावरू पाहतो. घसरलेल्याचे हात आपोआप वर उडतात. म्हणजे ज्या हातांच्या चाळ्यांमुळे मनगट कुचकामाचे मानले गेले, त्याच हातांची घाबरगुंडी ही पडण्याची खूण ठरवण्यात आली. केवळ शिखर न मोजता, आघातापूर्वीच्या त्या अर्ध्या सेकंदातील हाताचा मार्ग वाचायचा.

१७/
याची एक गमतीदार पावती लगेच मिळाली. एका अमेरिकी वृत्तपत्राने चित्रपटांत धोक्याची कामे करणाऱ्या एका स्त्रीला घड्याळ घालून वारंवार पडायला लावले. घड्याळाने तिची बरीचशी पडणी मानलीच नाहीत. शिकलेला कलावंत पडताना हात सैल ठेवतो, अंग गोल करतो, घाबरत नाही. लिमरिकच्या गाद्यांवर जे तरुण पडले होते, त्यांची अडचण येथे उलटी होऊन समोर आली. म्हणूनच ‘चालते का पाहू’ म्हणून गादीवर उडी मारून घेतलेली घरगुती परीक्षा काहीच सिद्ध करत नाही. घड्याळ गप्प राहिले म्हणजे बिघडले असे नव्हे, आणि ओरडले म्हणजे खात्रीचे आहे असेही नव्हे.

१८/
आकृती वाचण्याने खोटे गजर घटले, संपले मात्र नाहीत. ते प्रत्यक्ष आटोक्यात आणले ते आघातानंतरच्या वेळेने. एक कल्पित प्रसंग घेऊ. सत्तर वर्षांच्या एक बाई न्हाणीघरातून बाहेर येताना वळतात आणि कोसळतात. घड्याळाला जबर आघात दिसतो. ते मनगटावर ठोके देते, आवाज करते, आणि पडद्यावर दोन वाटा ठेवते : मदत बोलावण्याची पट्टी आणि आपण ठीक असल्याचे बटण. येथवर कोणालाही फोन गेलेला नाही.

१९/
आता घड्याळ पाहते की मनगट हलते आहे का. हलत असेल, तर ते उत्तराची वाट पाहत थांबते आणि आपणहून फोन करत नाही. सुमारे एक मिनिट काहीच हालचाल दिसली नाही, तरच ३० सेकंदांची उलटी गणती सुरू होते. ठोके चालू राहतात, आवाज वाढत जातो, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या माणसालाही तो ऐकू यावा. गणती संपली की आपत्कालीन क्रमांकाला फोन लागतो. एक ध्वनिमुद्रित संदेश सांगतो की घड्याळाला जबर पडणे आढळले आहे, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश ऐकवतो. नोंदवून ठेवलेल्या नातलगांना संदेश जातो. कोसळण्यापासून फोनपर्यंत दीड मिनिटाच्या आसपास वेळ. १९८१च्या लेखातल्या एका तासाशी हे ताडून पाहावे.

२०/
डिबनर यांचा कालमापक येथे परतला आहे. आघात हा केवळ संशय, निश्चलता हा पुरावा. टेबलावर थाप मारणारा पुढच्या मिनिटात हात हलवतोच, म्हणून त्याचा संशय आपोआप विरतो. नॉर्वेमध्ये २०१९च्या आरंभी सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ रात्री न्हाणीघरात पडून निपचित झाले. घड्याळाने फोन केला आणि पोलीस घरी पोहोचले. चेहऱ्याचे हाड मोडलेल्या त्या माणसाला बटण दाबणे शक्यच नव्हते. ही रचना नेमकी अशाच माणसासाठी आहे.

२१/
परंतु या अटीची किंमत कोणी तरी मोजतेच, आणि ती कोण मोजते हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. वरच्या प्रसंगातल्या बाई शुद्धीवर आहेत असे समजा. खुब्याचे हाड मोडले आहे. त्या कण्हत आहेत, दाराची चौकट पकडायला हात लांबवत आहेत, कुशीवर वळू पाहत आहेत. मनगट हलते आहे. घड्याळाच्या लेखी त्या सावरल्या आहेत, आणि ते वाट पाहत बसते. त्या उठू शकत नाहीत हे कळण्याचे साधन त्याच्याकडे नाही. येथे पडद्यावरची पट्टी त्यांनी स्वतः सरकवायला हवी, किंवा बाजूचे बटण दाबून धरायला हवे. घरातल्यांनी घड्याळ भेट देताना ‘पडलीस तर आपोआप फोन लागेल’ असे सांगितले असेल, तर त्यांनी अर्धेच सांगितले आहे. आजीला जी एक गोष्ट दोन-चारदा करून दाखवायला हवी, ती ही पट्टी.

२२/
निश्चलतेची अट काढली तर काय होते, याचाही दाखला इतिहासात आहे. २०२२ मध्ये ॲपलच्या फोन-घड्याळांत मोटार-अपघात ओळखण्याची सोय आली. तिथे साधारण वीस सेकंदांत उत्तर मिळाले नाही तर फोन लागे. जानेवारी २०२३ मधील एका शनिवार-रविवारच्या सुट्टीत कोलोरॅडोतील समिट काउंटीच्या आपत्कालीन केंद्राला असे ७१ फोन आले. त्यांतला एकही खरा नव्हता. बर्फावरून वेगाने उतरून झटकन थांबणाऱ्यांच्या खिशातली ही यंत्रे होती. जाड कपड्यांआडचा आवाज त्यांना ऐकूच गेला नव्हता. पुढे सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती करण्यात आली.

२३/
हाताने दाबायच्या एसओएसची कथा समांतर आहे. जाता जाता : ही अक्षरे कोणत्याही वाक्याची आद्याक्षरे नव्हेत. १९०६च्या बर्लिन परिषदेत ती मोर्स लिपीतल्या सोप्या, न चुकणाऱ्या नादासाठी निवडली गेली. भारतात २०१६च्या नियमांनी जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलला पॅनिक बटण सक्तीचे केले. साध्या फोनवर ५ किंवा ९ ही कळ दाबून धरायची, स्मार्टफोनवर चालू-बंदचे बटण तीनदा दाबायचे. २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये अँड्रॉइड फोनवरचे बटण पाचदा दाबले की थेट फोन लागू लागला, आणि खिशातल्या खिशात दाबल्या गेलेल्या बटणांनी पोलिसांच्या ९९९ क्रमांकावर मूक फोनांचा पूर आला. आंधळेपणाने दाबता येणारे बटण चुकूनही दाबले जाते.

२४/
ॲपलच्या घड्याळात ही हाक २०१६ पासून आहे. बाजूचे बटण दाबून धरले की पट्ट्या दिसतात, आणि धरूनच ठेवले तर उलटी गणती होऊन फोन लागतो. मनगट मागे वळवून जोर काढताना किंवा उशीखाली हात दबल्यावर नेमके हे घडते. असे वारंवार होत असेल तर सेटिंग्जमधील Emergency SOS मध्ये बटण धरून फोन लावण्याची सोय बंद करता येते. मग पट्टी मुद्दाम सरकवावी लागते. अंगठ्यात बळ नसलेल्या वृद्धांसाठी मात्र हा बदल विचारपूर्वकच करावा, कारण तेच बटण त्यांची सोपी हाक असते. त्यापेक्षा घड्याळ दुसऱ्या मनगटावर घालून बटणाची बाजू कोपराकडे येईल अशी मांडणी करणे बरे.

२५/
पडण्याच्या खोट्या गजरांचेही असेच आहे. सरसकट बंद करणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग उपाय. Fall Detection हा पर्याय नोंदवलेले वय ५५ किंवा अधिक असेल तर आपोआप सुरू असतो. त्याखालील प्रौढांना तो सतत चालू हवा असेल तर स्वतः तसे निवडावे लागते, आणि १८च्या आतील मुलांसाठी तो नाहीच. तेव्हा आईचे घड्याळ मुलाने स्वतःच्या जन्मतारखेने सुरू करून दिले असेल, तर सोय दिवसभर चालू नसण्याची शक्यता आहे. कबड्डी, बॅडमिंटन किंवा लाकूडतोडीत सतत ओरडणारे तरुणाचे घड्याळ Always on वर असते. उलट, एकट्याने धावणाऱ्या किंवा सायकल चालवणाऱ्याला Only on during workouts पुरते.

२६/
Wrist Detection बंद असेल तर घड्याळ पडल्यावर आपोआप फोन करत नाही. हे ठाऊक नसल्याने कोणी बॅटरी वाचवण्यासाठी ते बंद ठेवतो. पट्टा ढिला असेल तर प्रत्येक हिसक्याला घड्याळ मनगटावर आपटते आणि हातावर आहे की नाही याचाही घोळ होतो. गजर खोटा असला तर आपण पडलो नव्हतो असे त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावे. नाही तर आरोग्याच्या नोंदीत तो पडण्याचा प्रसंग म्हणून राहतो आणि पुढे डॉक्टरांची दिशाभूल करतो.

२७/
फोन चुकून लागलाच, तर घाबरून कापू नये. भारतात ११२ला असो वा परदेशात, मूक होऊन तुटलेला फोन उत्तर देणाऱ्याला अधिक काळजीचा वाटतो. तो परत फोन करतो किंवा गाडी पाठवतो. ‘घड्याळाने चुकून लावला, मी ठीक आहे’ एवढे बोलून समोरच्याने ठीक म्हणेपर्यंत थांबावे.

२८/
सिमकार्डाची सोय नसलेले घड्याळ जवळच्या फोनच्या आधारावर बोलते. फोन शेजारच्या खोलीत असला तर बहुधा चालते. फोन घरी ठेवून पहाटे फिरायला गेलेल्या माणसाचे घड्याळ पडणे ओळखेल, गजरही करेल, पण हाक कोणापर्यंत पोहोचणार नाही.

२९/
आणि केंब्रिजच्या अभ्यासातले खाटेच्या दांडीला लटकलेले बटण अजून तिथेच आहे. त्याची जागा आता चार्जरने घेतली आहे. बहुतेक घरांत घड्याळ रात्री चार्जिंगला लावले जाते आणि सकाळी आंघोळीपूर्वी उतरवले जाते, जणू ते पाण्याला भिते. मध्यरात्री अंधारात न्हाणीघराकडे जाणे आणि ओल्या फरशीवर उभे राहणे, नेमक्या या दोन वेळी मनगट मोकळे असते. संध्याकाळी टीव्हीसमोर बसल्या बसल्या तासभर चार्जिंग करून झोपताना ते पुन्हा हातात चढवले, तर हा प्रश्न सुटतो.